ब्रेसेस-अलाइनरची प्रगती घरच्या फोटोंवरून कशी पाहावी, आणि फोटोत काय दिसत नाही

सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांतून येणारे अनेक रुग्ण आहेत. दर महिन्याला एसटीने यायचे, तारा आवळून घ्यायच्या आणि परत जायचे, यात त्यांचा अख्खा दिवस जातो. त्यामुळे मधल्या काळात दातांचे फोटो पाठवून ‘फरक पडतोय का?’ असे विचारणे त्यांना सोयीचे वाटते, आणि मलाही त्यात काही वावगे वाटत नाही. अडचण फोटोंची नसून ते काढण्याच्या आणि वाचण्याच्या पद्धतीची आहे. एक फोटो लग्नात हसताना काढलेला, दुसरा न्हाणीघराच्या आरशासमोरचा, आणि या दोहोंची तुलना करून ‘मधली रेष सरकली’ किंवा ‘तीन महिन्यांत काहीच झाले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक वेळा त्यात दात हललेले नसतात, कॅमेरा हललेला असतो.

म्हणून फोटो कसे काढावेत, कोणत्या क्रमाने वाचावेत आणि कोणत्या प्रश्नांसाठी ते मुळीच वापरू नयेत, हे टप्प्याटप्प्याने लिहीत आहे.

## टप्पा १ : पहिल्या फोटोआधीची तयारी

पहिला फोटो ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारे छोटे तुकडे, दातांवर चिकटवण्यापूर्वीचा किंवा पहिला अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारा प्लास्टिकचा ट्रे, घालण्यापूर्वीचा असावा. तो राहून गेला असेल, तर दवाखान्यात सुरुवातीला काढलेल्या फोटोंची प्रत मागून घ्यावी. उपचाराच्या सुरुवातीला असे फोटो, दातांचे साचे किंवा स्कॅन आणि एक्स-रे घेतलेले असतात.

त्याच भेटीत डॉक्टरांकडून तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात. पहिली, उपचारात दात काढायचे आहेत का, आणि असतील तर कोणते. दुसरी, दातांच्या मधल्या बाजू किंचित घासून जागा करायची आहे का. तिसरी, साच्यावर किंवा स्कॅनवर मोजलेली दोन दातांची रुंदी: वरच्या मधल्या पटाशीच्या एका दाताची, आणि बाजूच्या, सुळा व दाढ यांच्यामधल्या एका उपदाढेची. पटाशीचा वरचा मधला दात साधारणपणे साडेआठ मिलिमीटर रुंद असतो आणि उपदाढ सुमारे सात. पण प्रत्येकाचे माप वेगळे असते आणि पुढे आपण ज्या मोजपट्टीवर अवलंबून राहणार आहोत ती हीच आहे. ज्या दाताच्या कडा घासल्या जाणार आहेत, तो मोजपट्टी म्हणून निवडू नये, कारण घासल्यावर त्याची रुंदी बदलते. जो दात आपल्या जागी वळलेला, म्हणजे तिरका फिरलेला आहे, तोही नको; तो सरळ होत जाईल तशी त्याची समोरून दिसणारी रुंदी बदलते आणि पट्टीच लहानमोठी होऊ लागते.

घरात एक जागा ठरवावी. उत्तरेकडे उघडणारी खिडकी असेल तर उत्तम, कारण तिथे थेट ऊन कमी येते. खुर्ची कुठे ठेवायची, याची खूण फरशीवर चिकटपट्टीने करावी.

तपासणी: खुर्ची हलवून पुन्हा त्याच खुणांवर ठेवा आणि पाच मिनिटांच्या अंतराने दोन फोटो काढा. ते एकमेकांसारखे दिसत नसतील, तर दोन महिन्यांच्या अंतराने काढलेल्या फोटोंवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

## टप्पा २ : कॅमेऱ्याचे अंतर आणि उंची

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबू.

स्वतःच स्वतःचा फोटो काढताना फोन तोंडापासून वीस सेंटिमीटरवर असतो. दाढा पुढच्या दातांपेक्षा सुमारे चार सेंटिमीटर मागे असतात, त्यामुळे कॅमेऱ्यापासून त्या चोवीस सेंटिमीटरवर पडतात आणि पुढच्या दातांच्या मानाने जवळजवळ सतरा टक्क्यांनी लहान दिसतात. हाच फोन पन्नास सेंटिमीटरवर नेला, तर हा फरक सात-आठ टक्क्यांवर येतो. एका महिन्यात जवळून आणि दुसऱ्या महिन्यात लांबून फोटो काढला, तर पुढचे दात ‘आत गेले’ असे वाटेल, आणि त्यात उपचाराचा काहीही वाटा नसेल.

म्हणून फोटो दुसऱ्या व्यक्तीने, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने, पन्नास सेंटिमीटरवरून काढावा. फोनच्या कव्हरला पन्नास सेंटिमीटरची दोरी बांधावी, तिचे टोक रुग्णाने हनुवटीला लावावे, दोरी ताणली की अंतर ठरले. मग दोरी सोडून फोटो काढावा. तोंड लहान दिसत असेल तर फोन पुढे न नेता दुप्पट झूम करावा. समोरचा कॅमेरा टाळण्याचे आणखी एक कारण आहे: कित्येक फोन त्यातून काढलेला फोटो आरशासारखा उलटा साठवतात, आणि उजवीकडचा सुळा डावीकडे दिसू लागतो.

आता कोन. डोके थोडे डावीकडे-उजवीकडे वळले तर काय बिघडते, असे पालक विचारतात. समजा, वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या सहा मिलिमीटर पुढे आहेत. अशा रुग्णाने मान फक्त दहा अंशांनी वळवली, तर वरची आणि खालची मधली रेष, म्हणजे दोन मधल्या दातांमधली रेष, एकमेकींपासून सुमारे एक मिलिमीटर सरकलेली दिसते. दहा अंश म्हणजे कोणाच्या सहज लक्षात न येणारे वळण. पण एक मिलिमीटरचा मधल्या रेषेचा फरक खरा असता, तर त्यासाठी उपचाराची आखणी बदलावी लागू शकली असती. उंचीचेही तसेच. फोन तोंडापेक्षा वर धरला की पुढे असलेले वरचे दात खाली उतरलेले दिसतात आणि खालचे दात जास्त झाकले जातात. फोन खाली धरला की तेच दात वर गेलेले आणि चावा उघडलेला दिसतो. पंधरा अंशांचा फरक याच रुग्णात दीड मिलिमीटरचा खोटा बदल दाखवतो. आई मुलाचा फोटो उभी राहून काढते आणि पुढच्या महिन्यात बहीण बसून काढते, तेव्हा नेमके हेच घडते.

तपासणी: समोरच्या फोटोत दोन्ही कान सारखेच दिसले पाहिजेत, आणि डोळ्यांना जोडणारी कल्पित रेषा आडवी असली पाहिजे. म्हणूनच फक्त ओठांचा जवळचा फोटो पाठवू नये. एक फोटो पूर्ण चेहऱ्याचा असला, तर मान वळली होती का हे नंतरही ओळखता येते.

फोनमधली त्वचा गुळगुळीत करणारी आणि पार्श्वभूमी धूसर करणारी सोय बंद ठेवावी. ती दातांच्या कडाही पुसते. रंगाबद्दल एक सूचना आपल्या भागासाठी खास आहे. तारांवरच्या पारदर्शक रबरी कड्या हळदीने दोन जेवणांत पिवळ्या होतात, आणि त्यांच्या शेजारी दातही पिवळट वाटतात. सांगलीत राहून हळद टाळणे कोणालाच जमणार नाही. त्यामुळे फोटोवरून दातांच्या रंगाविषयी मत बनवू नये, एवढेच पुरे.

## टप्पा ३ : तोंडाची स्थिती आणि चार फोटो

हसरा फोटो एकटा पुरेसा नसतो. ओठ प्रत्येक वेळी सारखे उचलले जात नाहीत. मनापासून हसताना हिरडी दिसते आणि कॅमेऱ्यासाठी हसताना ती झाकली जाते, त्यामुळे ‘हिरडी कमी दिसू लागली’ हा बदल दातांचा आहे की त्या दिवशीच्या मूडचा, हे कळत नाही. हसऱ्या फोटोसाठी रुग्णाला लांब ‘ई’ म्हणायला सांगावे. खळखळून हसवण्यापेक्षा हा आवाज ओठांना दर वेळी जवळपास सारख्याच जागी आणतो.

दर वेळी या क्रमाने चार फोटो काढावेत.

१. पूर्ण चेहरा, ‘ई’ म्हणताना.
२. दात मिटलेले आणि गाल बाजूला ओढलेले, समोरून.
३. दात मिटलेले, उजव्या बाजूने.
४. दात मिटलेले, डाव्या बाजूने.

गाल ओढण्यासाठी प्लास्टिकचे रिट्रॅक्टर मिळतात. ते नसल्यास दोन स्वच्छ चमच्यांच्या दांड्यांनी रुग्णाने स्वतः गाल बाजूला धरावेत, म्हणजे तो स्वतःला टोचून घेणार नाही. बाजूचा फोटो काढताना कॅमेरा उपदाढेच्या अगदी समोर यावा. तिरक्या कोनातून काढलेल्या बाजूच्या फोटोत प्रत्येक फट प्रत्यक्षापेक्षा अरुंद दिसते.

दात मिटण्याबाबत एक काळजी घ्यावी. फोटो काढायचा म्हटले की मुले खालचा जबडा पुढे आणून पुढचे दात एकमेकांवर टेकवतात. त्यामुळे फोटोच्या आधी रुग्णाला थुंकी गिळायला सांगावी आणि मागच्या दाढांवर चावून तसेच थांबायला सांगावे. बहुतेकांचा जबडा मग नेहमीच्या जागी येतो.

अलाइनर वापरणाऱ्यांनी समोरचा आणि दोन्ही बाजूंचे फोटो दोनदा काढावेत: एकदा ट्रे काढून, एकदा ट्रे घालून. दोहोंचा उपयोग वेगळा आहे आणि तो पुढे येईल.

सावधान: वरून आणि खालून दातांची कमान दाखवणारे फोटो घरी काढायचा प्रयत्न करू नये. त्यासाठी तोंडात आरसा ठेवावा लागतो. घरी काढलेल्या अशा फोटोंत जीभ, वाफ आणि कोन यांमुळे काहीही तुलनायोग्य उरत नाही.

## टप्पा ४ : किती दिवसांनी काढावे आणि कसे ठेवावे

रोज फोटो काढणारे रुग्ण सर्वांत जास्त अस्वस्थ असतात, आणि त्यांच्या फोटोंतून सर्वांत कमी कळते. एक अलाइनर एखाद्या दाताला साधारणपणे पाव मिलिमीटर सरकवण्यासाठी बनवलेला असतो. घरच्या फोटोतून एवढा बदल विश्वासाने ओळखता येत नाही. तारांच्या उपचारात फट बंद होण्याचा वेगही महिन्याला अर्धा ते एक मिलिमीटर इतकाच असतो.

म्हणून ब्रेसेस असतील तर महिन्यातून एकदा, दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी फोटो काढावेत. तार बदलल्याच्या दिवशीचा फोटो तुलनेला घेऊ नये, कारण त्या दिवशी नव्या कड्या, नवी तार आणि दुखरे ओठ यांमुळे चित्रच वेगळे असते. अलाइनर असतील तर ट्रे बदलण्याच्या दिवशी, नवा ट्रे घालण्यापूर्वी काढावेत. आणि प्रत्येक ट्रेला नव्हे, चार आठवड्यांतून एकदा. नवा ट्रे घातल्यावर पहिल्या दिवशी दाताच्या टोकाशी थोडी फट दिसणे स्वाभाविक असते, कारण दात अजून त्या जागी पोहोचलेलाच नसतो. त्या दिवशीचा फोटो पाहून घाबरण्याचे कारण नाही.

फाइलचे नाव तारखेने सुरू करावे, म्हणजे फोन त्यांना आपोआप क्रमाने लावतो. उदाहरणार्थ:

```
2025-06-14_samor.jpg
2025-06-14_ujvi.jpg
2025-06-14_davi.jpg
```

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास त्याचे तपशील दाबले जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल तशीच जाते. मूळ फोटो फोनमधून काढून टाकू नयेत.

## टप्पा ५ : डोळ्याने नव्हे, प्रमाणाने वाचणे

तासगावच्या बाजूचा एक चौदा वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. पुढे आलेले दात मागे नेण्यासाठी त्याच्या वरच्या आणि खालच्या मिळून चार उपदाढा काढल्या होत्या. पहिले काही महिने दात सरळ रांगेत आणण्यात गेले, आणि पाचव्या महिन्यापासून वरचे पुढचे सहा दात एकत्र मागे नेण्याचे काम सुरू झाले. आठव्या महिन्यात त्याच्या आईने पाचव्या आणि आठव्या महिन्यांचे हसरे फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, ‘डॉक्टर, यात तुम्हीच फरक दाखवा.’ मला तो दाखवता आला नाही, आणि तरीही उपचार ठरल्याप्रमाणे चालला होता.

असे का होते? पुढचे दात मागे जातात तेव्हा ते कॅमेऱ्यापासून सरळ दूर जातात. पन्नास सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत दात तीन मिलिमीटर मागे गेले, तर त्यांचा आकार जेमतेम अर्ध्या टक्क्याने लहान होतो. तीन मिलिमीटर हा रुग्णाच्या ओठांच्या ठेवणीत जाणवणारा मोठा बदल आहे, पण समोरच्या फोटोला तो जवळजवळ अदृश्य आहे. सुरुवातीला वेडेवाकडे दात रांगेत येत असताना दर महिन्याला हसू बदलते, आणि मग हे मागे नेण्याचे महिने सुरू झाले की बदल थांबल्यासारखा वाटतो. उपचार रखडल्याची बहुतेक तक्रार याच महिन्यांत येते.

या मुलाची प्रगती उजव्या बाजूच्या फोटोत होती. तिथे सुळा आणि त्यामागची उरलेली उपदाढ यांच्यामध्ये काढलेल्या दाताची फट होती. ती मोजण्याची रीत सोपी आहे. फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर मोठा करावा आणि शाळेच्या पट्टीने दोन मापे घ्यावीत: उरलेल्या उपदाढेची रुंदी आणि फटीची रुंदी. फटीचे माप उपदाढेच्या मापाने भागावे आणि उपदाढेच्या खऱ्या रुंदीने गुणावे. या मुलाची उपदाढ साच्यावर सात मिलिमीटर होती.

पाचव्या महिन्याच्या फोटोत पडद्यावर उपदाढ ४२ मिलिमीटर आणि फट ३९ मिलिमीटर भरली. ३९ भागिले ४२, गुणिले ७, म्हणजे फट साडेसहा मिलिमीटर. सहाव्या महिन्यात उपदाढ ४० आणि फट ३४ भरली. खरी फट सुमारे सहा. सातव्या महिन्यात उपदाढ ४६ आणि फट ३५. इथे नीट पाहा: पडद्यावर फट ३४ वरून ३५ झाली, म्हणजे वाढल्यासारखी दिसते. फोटो फक्त थोडा जवळून काढला गेला होता. भागाकार केल्यावर खरी फट ५.३ मिलिमीटर निघते. आठव्या महिन्यात उपदाढ ४२ आणि फट २८, म्हणजे ४.७. तीन महिन्यांत फट पावणेदोन मिलिमीटरहून अधिक कमी झाली होती. हसऱ्या फोटोत यातले काहीच नव्हते.

मोजपट्टीसाठी सुळा न घेता उपदाढ घेण्यामागे कारण आहे. उपदाढ आणि फट जवळपास एकाच सरळ रेषेत असतात, त्यामुळे मान थोडी वळली तरी दोन्ही सारख्याच प्रमाणात आखडतात. सुळा कमानीच्या वळणावर असतो आणि मानेच्या किंचित वळणानेही वेगळा दिसतो.

सावधान: पट्टी पडद्यावर एक मिलिमीटर चुकली, तर उत्तर जवळजवळ ०.२ मिलिमीटरने बदलते, आणि कोनाची चूक त्यात मिसळते. म्हणून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान फरकाला फरक मानू नये. लागोपाठच्या दोन महिन्यांची तुलना टाळावी. दोन किंवा तीन महिन्यांचे अंतर ठेवून पाहावे.

## टप्पा ६ : फोटो ‘थांबले’ म्हणतो तेव्हा

त्याच मुलाची पुढची गोष्ट उलट्या दिशेने गेली. नवव्या महिन्यात परीक्षा आणि दहाव्यात घरचे लग्न, म्हणून तो दोन भेटींना आला नाही. घरच्यांचे म्हणणे असे की फोटोत दात छान दिसत आहेत, मग घाई कशाला? नवव्या महिन्यात उपदाढ ४५ आणि फट ३० भरली, दहाव्यात ४३ आणि २९. दोन्ही वेळा उत्तर ४.७ च्या आसपासच येते. हसरा फोटो सुरेख होता आणि दात दोन महिने जागचे हललेले नव्हते.

फोटोने एवढे सांगितले. कारण तो सांगू शकला नाही. मुलगा आला तेव्हा कळले की उजवीकडच्या शेवटच्या दाढेवरची ट्यूब, म्हणजे तार अडकवण्याची छोटी नळी, सुटली होती. तिला लावलेली, दात ओढणारी रबरी चेन त्यामुळे सैल पडली होती, आणि गालाच्या मागे दडलेली ती जागा एकाही फोटोत आलेली नव्हती. ट्यूब सुटली नसती तरी चेनची ओढ काही आठवड्यांत बरीच कमी होते; ती बदलण्यासाठीच तर दर चार-सहा आठवड्यांनी बोलावले जाते. ट्यूब कशाने सुटली, हे विचारल्यावर आधी ‘माहीत नाही’ आणि मग हळूच ‘ऊस खाल्ला होता’ असे उत्तर आले.

आणखी एक मर्यादा याच उदाहरणात आहे. फट बंद होते तेव्हा पुढचे दात मागे जातात, किंवा मागच्या दाढा पुढे सरकतात, किंवा दोन्ही थोडेथोडे होते. फटीचे माप या तिन्हींत सारखेच येते. ज्या रुग्णाचे पुढचे दात आत न्यायचे आहेत, त्याच्या दाढाच पुढे आल्या, तर फट सुंदर बंद होते आणि उपचाराचा हेतू फसतो. हे ओळखण्यासाठी वरच्या आणि खालच्या दाढांची बैठक प्रत्यक्ष तपासावी लागते आणि आवश्यकता असल्यास बाजूने घेतलेला डोक्याचा एक्स-रे आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहावा लागतो.

अलाइनरच्या बाबतीत ‘थांबले’ हे ट्रे घालून काढलेल्या फोटोत आधी दिसते. ट्रेच्या शेवटच्या दिवशीही एखाद्या दाताचे टोक आणि ट्रेचे प्लास्टिक यांच्यामध्ये नखाच्या जाडीएवढी रिकामी पट्टी दिसत असेल, किंवा दातावर चिकटवलेला छोटा उंचवटा ट्रेमधल्या आपल्या खोबणीत बसलेला नसेल, तर तो दात मागे राहिला आहे. वरच्या मधल्या दातांच्या शेजारचे लहान पटाशीचे दात यात वारंवार सापडतात. गोलाकार सुळे आणि उपदाढा फिरवायच्या असतील तर त्याही. अशा वेळी पुढचा ट्रे घालणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण प्रत्येक नवा ट्रे दात त्या जागी पोहोचला आहे असे गृहीत धरून बनवलेला असतो, आणि चूक पुढे पुढे वाढत जाते. त्याच ट्रेवर थांबावे, दिवसाचे वीस-बावीस तास तो खरोखर तोंडात होता का याचा प्रामाणिक हिशेब करावा, आणि फोटो डॉक्टरांना पाठवून मगच पुढे जावे.

## टप्पा ७ : ज्या गोष्टींसाठी फोटो वापरूच नये

दाताचा जो भाग दिसतो तो त्याचा अर्धाही नसतो. मूळ हाडात असते. दाताला ढकलल्यावर वरचा भाग झुकणे सोपे असते आणि मूळ त्याच्या मागून आणणे अवघड. त्यामुळे फट वरून बंद झालेली असताना खाली दोन मुळे एकमेकांपासून दूर, तिरपी उभी असू शकतात. फोटोत काम संपलेले दिसते आणि घरचे विचारतात, ‘आता तारा का काढत नाही?’ उपचाराचे शेवटचे महिने बऱ्याचदा याच मुळांसाठी खर्च होतात. घाईने तारा काढल्यास ती फट पुन्हा उघडण्याची शक्यता वाढते. मुळांची दिशा पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये दिसते, आणि काही रुग्णांत उपचारादरम्यान मुळांची टोके झिजून आखूड होतात का, हेही तिथेच कळते. त्याची ना वेदना होते, ना फोटोत खूण असते.

चावा ही दुसरी गोष्ट. दात मिटलेल्या फोटोत ते एकमेकांजवळ दिसतात. टेकतात की नाही, हे दिसत नाही. अलाइनर दिवसभर दाढांच्या मध्ये असतो, त्यामुळे काही रुग्णांत पुढचे दात टेकतात आणि मागच्या दाढा टेकेनाशा होतात. घरी कागदाची बारीक पट्टी दाढांमध्ये धरून चावावे आणि ओढावी. एका बाजूने ती सहज सुटत असेल, तर तेवढे डॉक्टरांना कळवावे. त्याचा अर्थ स्वतः लावू नये. उपचाराच्या मध्यावर असे थोडे असणे अपेक्षितही असू शकते.

तिसरी गोष्ट दात किडण्याची सुरुवात. ब्रॅकेटभोवती अन्न आणि मळी साचत राहिली, तर चार आठवड्यांतही खडूसारखा पांढरा डाग पडू शकतो. असा सुरुवातीचा डाग दात ओला असताना लपतो आणि कोरडा केल्यावर उठून दिसतो, म्हणून दवाखान्यात हवेने दात सुकवून पाहिले जाते. घरच्या फोटोत दात ओलेच असतात. उलट फ्लॅशचा चमकणारा ठिपका डाग समजून घाबरणारेही भेटतात. चमक असेल तर फोन किंचित हलवल्यावर ती जागा बदलते. डाग जागा बदलत नाही.

हिरडीची सूज फोटोत दिसते, पण मोठ्या वयाच्या रुग्णांत हिरडीच्या आतल्या हाडाची झीज दिसत नाही. त्याच वयात दाटीवाटीने बसलेले दात सरळ झाल्यावर दोन दातांच्या मध्ये, हिरडीजवळ छोटे काळे त्रिकोण दिसू लागतात. फोटोत ते ठळक येतात आणि उपचाराने बिघाड झाला असे वाटते. दातांचा आकार आणि तिथल्या हिरडीची उंची हे सहसा त्यामागचे कारण असते. त्यावर काय करायचे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

सावधान: टोचणारी तार, सुटलेले ब्रॅकेट, ट्रे मुळीच न बसणे, दात नेहमीपेक्षा जास्त हलणे किंवा हिरडी अथवा गाल सुजणे, यांपैकी काही झाल्यास महिन्याच्या फोटोची वाट न पाहता फोन करावा.

## टप्पा ८ : डॉक्टरांना काय पाठवावे

आठ-दहा फोटो आणि ‘बघा ना’ एवढा एकच शब्द असलेला निरोप आला, तर उत्तर देणे कठीण जाते. चार फोटो, त्यांच्या जोडीला तीन महिन्यांपूर्वीचे तेच चार, आणि तीन ओळी पुरतात: कोणत्या तारखेला शेवटची भेट झाली, काय मोजले, आणि काय तुटले किंवा दुखते आहे. तासगावचा तो मुलगा आता स्वतःच निरोप पाठवतो. अलीकडचा असा होता: ‘भेट २ तारखेला. उजवी फट ३.१, तीन महिन्यांपूर्वी ४.७. डावी ३. उजवीकडची मागची ट्यूब जिभेने हलते असे वाटते, फोटोत येत नाही.’ मी त्याला दुसऱ्या दिवशीच बोलावले. ट्यूब खरोखरच सुटत आली होती.